बाबांचं वय, अख्ख्या घराचा प्रीमियम

गेल्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर बाबांचा मेसेज पडला, ‘हेल्थ पॉलिसी रिन्यू करायचीय. या वेळी तू बघ.’ म्हटलं, त्यात काय एवढं! दोन रात्री गेल्या.

आमची पॉलिसी ‘फॅमिली फ्लोटर’. दहा लाखांचं एकच कव्हर, चौघांत सामायिक. आणि प्रीमियम ठरतो तो घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावरून, म्हणजे बाबांच्या. ‘इंडिव्हिज्युअल’मध्ये प्रत्येकाचं कव्हर वेगळं, प्रीमियमही ज्याच्या त्याच्या वयानुसार.

मग कागद घेऊन बसले. (रक्कम कंपनीगणिक बदलते, त्यामुळे हे आकडे फक्त नमुन्याचे.) बाबा 52, आई 48, मी 22, भाऊ 17. फ्लोटर वर्षाला 38 हजार. वेगवेगळ्या चार पॉलिसी घेतल्या तर 19, 16, 7 आणि 6, एकूण 48 हजार. फ्लोटर दहा हजारांनी स्वस्त! पण तिथे एकाच्या बायपासला सात लाख गेले, तर त्या वर्षी उरलेल्या तीन लाखांत चौघांचं भागवायचं. ‘रिस्टोरेशन’ असेल तर कव्हर पुन्हा भरतं खरं, पण त्याच माणसाच्या त्याच आजाराला चालतं का, हे पॉलिसीत वाचावंच लागतं.

चार वर्षांनी बाबा 56 चे. बऱ्याच फ्लोटरमध्ये मुलं पंचविशीपर्यंतच असतात, म्हणजे मी बाहेर. तिघांचा फ्लोटर 48 हजार, वेगवेगळ्या पॉलिसी 52. फरक चारच हजारांचा. नवव्या वर्षी बाबा 61, भाऊही बाहेर. आता दोघांचा फ्लोटर 66 हजार, वेगवेगळ्या 64! कारण 57 च्या आईचा हिशेबही बाबांच्या वयाने लागतोय. हे सगळं आजच्या दराने. दरवाढ धरलीच नाहीये.

मग ‘तेव्हा बदलू की’ असं का नाही? कारण तोवर शुगर, बीपी मागे लागलेलं असू शकतं. आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पोर्ट केलं तर जुनी वर्षं धरली जातात, पण जुन्या कव्हरच्या रकमेपुरतीच. शिवाय नवी कंपनी नाहीही म्हणू शकते. अर्जही रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी. पंचविशीला बाहेर पडताना आपणही त्याच कंपनीत स्वतःची पॉलिसी मागायची, मध्ये खंड पडू न देता, म्हणजे आपली वर्षं वाया जात नाहीत.

शेवटी एक मधला रस्ता सापडला. बाबांना एकट्याला बाहेर काढायचं, त्यांचे 19 हजार. उरलेल्या तिघांचा फ्लोटर आता आईच्या वयावर, 27 हजार. एकूण 46. आजच्यापेक्षा आठ हजार जास्त, पण बाबांचे दहा लाख त्यांचे स्वतःचे.

बाबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, ‘म्हणजे घरात सगळ्यात महाग मीच?’ आई हसत होती. फॉर्म मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी भरला.