नव्वदचा आकडा

कोल्हापूर–मुंबई मार्गावर रात्रीची प्रवासी बस चालविणारे एक गृहस्थ आहेत. वय बावन्न. घरात आणि गाडीवर सारे त्यांना अण्णा म्हणतात. मधुमेह होऊन सात वर्षे झाली. पथ्य कडक, सूर्यास्तापूर्वी भोजन हा नेम अढळ. साखर वाढू नये एवढीच काळजी ते घेत. ती घसरूही शकते, हे मात्र त्यांच्या ध्यानात नव्हते.

एका रात्री कराड सोडल्यावर त्यांना दरदरून घाम सुटला आणि हात कापू लागले. रात्रपाळीचा थकवा असेल, असे त्यांना वाटले. शेजारी बसलेल्या क्लीनरने दोनदा हाक मारली, तरी उत्तर विचित्र आणि उशिरा आले. तो पोरगा सावध होता. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली, साखरेचे पाणी पाजले आणि पुढचा प्रवास दुसऱ्या चालकाने केला. प्रवासी झोपेतच होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिनक्रम तपशिलाने विचारला, तेव्हा कारण उलगडले. ग्लिमेपिराइडची सायंकाळची गोळी ‘जेवणापूर्वी’ घ्यायची होती. अण्णा जेवत सहा वाजता आणि गोळी घेत साडेआठला, गाडी काढण्याच्या वेळी; ‘रात्रीची गोळी रात्री’ हा त्यांचा हिशेब. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. पुढे पहाटेपर्यंत काही खाणे नसल्याने रक्तातील साखर खाली जात राहिली. डॉक्टरांनी सायंकाळची मात्रा कमी करून ती सहाच्या जेवणाशी जोडून दिली, आणि गाडी काढण्यापूर्वी साखर तपासण्यास सांगितले.

तपासणी सोपी असली तरी तिच्यात चुका होतात. पेढा किंवा फळ हाताळलेले बोट न धुता टोचले, तर आकडा खोटा वाढलेला दिसतो. म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे. तेथे दुखतेही कमी. तपासपट्ट्यांची डबी इंजिनाच्या उष्णतेजवळ किंवा काचेपाशी उन्हात ठेवू नये, झाकण घट्ट असावे आणि मुदत पाहावी.

आता आकड्याचा अर्थ. सत्तरपेक्षा कमी म्हणजे साखर घसरलेली. गाडी चालवायचीच नाही. मात्र चालकाने नव्वदची मर्यादा पाळावी. घरगुती यंत्राचा आकडा शंभराच्या खाली सुमारे पंधराने इकडेतिकडे असू शकतो. यंत्र ब्याऐंशी दाखवीत असेल, तर खरी साखर सत्तरच्या खालीही असू शकेल. शिवाय साखर उतरणीला लागलेली असली, तर तासाभरात ती आणखी खाली जाईल.

एकदा सव्वाआठला अण्णांच्या यंत्राने ब्याऐंशी दाखविले. त्यांनी थोडे खाल्ले, अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले. एकशे बारा आले आणि गाडी नऊला वेळेवर सुटली. पुढे मध्ये दोन तासांच्या अंतराने, चहाच्या थांब्यावर, पुन्हा तपासणी. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांनाही दर दोन तासांनी तपासण्याचीच सूचना आहे.

वाटेत सत्तरच्या खाली गेल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करून तीन चमचे साखर किंवा तेवढे ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा वा बिस्किट येथे कामाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. आकडा सुधारला, तरी पाऊण तास चाक हाती घेऊ नये, कारण मेंदूची चपळता साखरेच्या मागून परतते.

‘मला तर घाम येतो, कळतेच की,’ असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु साखर वारंवार घसरली की शरीराची ही इशाऱ्याची घंटा क्षीण होते आणि घाम न येताच भान हरपते. म्हणून जाणिवेवर नव्हे, आकड्यावर विसंबावे.

नेमाचा प्रश्न राहतो. सूर्यास्तानंतर ग्लुकोज घ्यावे लागले तर? अण्णांनी आपल्या गुरूंना हे आधीच विचारून ठेवले आणि अशा प्रसंगी ते औषध म्हणून घेण्याचे ठरविले. गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या प्रत्येकाने उपवास वा नेमापूर्वी दोन ठिकाणी विचारून घ्यावे: डॉक्टरांना मात्रेविषयी आणि गुरूंना सवलतीविषयी. मात्रा स्वतःहून मात्र बदलू नये. पाठीमागे चाळीस जण झोपलेले असताना, अंधाऱ्या रस्त्यावर, हे दोन्ही प्रश्न सुटत नाहीत.