यादीत नाव का नाही?

शाळेच्या १४ वर्षांखालील क्रिकेट संघाची यादी मोबाइलवर आली की पालक आपल्या मुलाचं नाव शोधतात. ते नसलं की वाचणं थांबतं. खरं तर तेव्हाच ती यादी नीट वाचायला हवी.

प्रत्येक नावापुढे त्या मुलाचं संघातलं काम लिहून बघा. समजा, १५ जणांत सहा फलंदाज, चार वेगवान गोलंदाज, तीन फिरकीपटू आणि दोन यष्टिरक्षक आहेत आणि वगळलेला मुलगा यष्टिरक्षक आहे. मैदानात एका वेळी एकच यष्टिरक्षक लागतो, दुसरा दुखापतीच्या सोयीसाठी. म्हणजे त्याची चुरस बहुधा त्या दोघांशीच होती. सराव सामन्यात त्याने ४० धावा केल्या असतील, पण निवड हातमोज्यांवर ठरली असेल. त्या दोघांतला एक सलामीला खेळत असेल, तर संघाला एका जागेत दोन कामं मिळतात. अशा वेळी तिसऱ्याला जागा मिळणं फार अवघड.

मग शेवटच्या ओळी वाचा. ‘राखीव’ यादीत नाव असेल, तर दार बंद झालेलं नाही. ‘जन्मदाखला बाकी’ असं असेल, तर अडचण खेळाची नाही, कागदाची आहे.

सरावाला दांडी किंवा वागणूक यांबद्दल मात्र यादी काहीच सांगत नाही. ते प्रशिक्षकांनाच विचारावं लागतं. ‘सर, याला का घेतलं नाही?’ यापेक्षा ‘सर, यष्टीमागे नेमकं काय कमी पडलं?’ असं विचारा आणि शक्यतो मुलालाच विचारू द्या.