'दादा, परत येऊ का?' वर्षभराने आलेल्या मेसेजला काय उत्तर द्याल?

सिझन तोंडावर आला की दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर असा एक मेसेज हमखास पडतो: 'दादा, ओळखलं का? तुमच्याकडे काही काम असेल तर सांगा, परत यायचा विचार आहे.' आपल्याला बरं वाटतं, आणि तिथेच गडबड होते. लगेच 'ये उद्यापासून' टाइप करून मोकळे होऊ नका. 'मेसेज बघितला, रविवारी संध्याकाळी भेटू' एवढंच त्याच दिवशी कळवा. आणि त्याला दुकानात बोलावू नका. बाकीची पोरं बघतात, आणि तुम्ही ठरवायच्या आधीच तो परत आल्याची बातमी पसरते.

आता हा हिशोब बघा. काळाराम मंदिराच्या बाजूला पूजा साहित्याचं दुकान आहे, असं समजू. जुना मुलगा काउंटर सांभाळायचा, पगार १५,५०० रुपये. अंबडच्या एका कंपनीत जास्त पगार मिळाला म्हणून गेला. तिथलं कंत्राट संपलं. आता तो १९,००० मागतोय, कारण तिथे तेवढे मिळत होते.

पण तो गेला त्या दिवशी काउंटरवर कोण उभं राहिलं? हाताखालचा दुसरा मुलगा. कुठली समिधा कुठल्या डब्यात, गुरुजींची यादी कशी वाचायची, सगळं धडपडत शिकला. आज त्याचा पगार १६,५०० आहे. जुन्याला १९,००० दिले, तर हे महिनाभरही लपणार नाही. आपल्याकडे पगाराचा आकडा चहाच्या टपरीवर कळतोच. मग हाही निदान १९,५०० मागणार, आणि त्याचं चूक नाही. म्हणजे तीन हजार त्याचे वाढले. परत आलेला माणूस तुम्हाला १९,००० ला नाही, २२,००० ला पडला. आणि वाढ दिली नाही, तर पुढच्या वर्षी असा मेसेज टाकणारा तोच असेल.

म्हणून परत येणाऱ्याचा पगार त्याच्या बाहेरच्या पगारावरून ठरवायचा नाही. आपल्याकडे राहिलेल्या माणसाच्या पगारावरून ठरवायचा. इथे मी १६,००० म्हणेन, आणि तीन महिन्यांनी काम बघून १६,५००. जुना माणूस म्हणून फायदा आहेच. नवीन मुलगा १४,००० ला मिळेल, पण माल ओळखायलाच त्याला दोन-तीन महिने लागतील. दोन हजार जास्त देतो ते या शिकण्याच्या वेळेचे. खुर्ची मात्र जुनी द्यायची नाही. काउंटर सध्याच्या मुलाकडेच राहील. याला बाहेरच्या ऑर्डरी आणि माल भरण्याचं काम द्या. आणि हे त्या सध्याच्या मुलाला आधी तुम्ही स्वतः सांगा, त्याच्यासमोर तो येऊन उभा राहायच्या आधी.

भेटीत कारण विचारा, पण 'का सोडलं होतं?' असं नको, कारण त्याचं उत्तर तो घोकून येतो. 'तिकडची नोकरी नेमकी कधी सुटली?' हे विचारा. तीन महिने घरी बसून आलेला आणि कामावर असताना विचारणारा, यात फरक आहे. दुसरा प्रश्न, 'तेव्हा ज्याचा त्रास होता तो आता चालेल का?' समजा तो रविवारच्या सुट्टीवरून गेला होता आणि तुमचं दुकान रविवारी उघडंच असतं, तर तो पुन्हा जाणार. शिवाय जुनं खातं काढून बघा. उचल राहिली आहे का? किल्ली परत आली होती का? (आणि तो अजून दुकानाच्या ग्रुपमध्ये आहे का तेही बघा! बऱ्याच ठिकाणी असतो, वर्षभर तुमचे खरेदीचे भाव वाचत.)

कागदाचं एक काम विसरू नका. त्याने राजीनामा दिला होता आणि हिशोब पूर्ण झाला होता, तर ही नवी नेमणूक आहे. नेमणूकपत्रावर नवी तारीख टाका. तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते, आणि ती साधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेवर मिळते. 'जुनाच आहेस, सर्व्हिस पुढे चालू' असं प्रेमाने लिहून दिलंत, तर मागची वर्षंही तो उद्या मोजायला सांगू शकतो. पीएफ असेल तर उलटं: तिथे यूएएन नंबर जुनाच चालतो, माणसाला आयुष्यभर एकच. तो मागून घ्या, नवा काढू नका.

आणि नाही म्हणायचं असेल तर? 'बघू, कळवतो' म्हणून लटकवू नका. तो दुसरीकडची नोकरी धरायची थांबतो. 'तुझ्या जागेवर आता माणूस आहे, सिझनपुरतं रोजावर काम हवं असेल तर सांग' असं स्पष्ट लिहा. पंचवटीत २०२७ च्या सिंहस्थाला हात कमी पडणारच आहेत, तेव्हा त्याचा नंबर डिलीट मात्र करू नका.