पंखा लहान, खोळंबा मोठा

एन्डर ३ या घरगुती थ्रीडी प्रिंटरवर पीएलएची एखादी वस्तू छापायला घेतली, की पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत चालतं. मग एक्स्ट्रुडर टकटक आवाज करू लागतो, थर विरळ होतात आणि नोझलमधून प्लास्टिक येणंच थांबतं. बहुतेक जण नोझल बदलतात. तास-अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

अशा वेळी आधी हॉटएंडचा पंखा पाहावा. नोझलच्या वरचा हीटसिंक थंड ठेवणं हे त्याचं काम. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. पंखा मंदावला की उष्णता वर चढते, फिलामेंट नोझलपर्यंत पोहोचण्याआधीच फुगतं आणि वाटेत अडकतं. पंख्याची घरघर किंवा बोटाने ढकलल्यावरच फिरणं ही दुखण्याची आधीची लक्षणं.

छापलेल्या थरांवर वारा सोडणारा पंखा वेगळा. तो बिघडला तर नोझल तुंबत नाही. पुढे आलेल्या कडा मात्र वर वळतात आणि अधांतरी छापलेले धागे खाली लोंबतात. प्रिंटरला `M106 S255` ही आज्ञा दिली की हा पंखा पूर्ण वेगाने फिरायला हवा. हॉटएंडच्या पंख्यावर या आज्ञेचा परिणाम होत नाही. एन्डर ३ मध्ये तो प्रिंटर चालू असेपर्यंत फिरतच असतो.

नवा पंखा आणण्याआधी जुन्यावरची चिठ्ठी वाचावी. ४०१० म्हणजे ४० मिलिमीटर बाजूचा आणि १० मिलिमीटर जाडीचा. पण ४०१० मापात चौकोनी पंखाही मिळतो आणि बाजूने वारा फेकणारा ब्लोअरही. एन्डर ३ च्या हॉटएंडवर पहिला असतो, थरांसाठी दुसरा.

खरी गफलत व्होल्टेजमध्ये होते. एन्डर ३ चा पुरवठा २४ व्होल्टचा. त्यावर १२ व्होल्टचा पंखा लावला तर तो जोरात फिरतो आणि लवकरच जळतो. उलट, १२ व्होल्टच्या प्रिंटरवर २४ व्होल्टचा पंखा रेंगाळतो किंवा हलतही नाही. पुरवठ्याचा आकडाही दरवेळी पुरेसा नसतो. प्रुसा एमके३ चा पुरवठा २४ व्होल्टचा असला, तरी त्याचे पंखे ५ व्होल्टचे आहेत. म्हणून जुना पंखा काढून त्याच्या जोडणीवर मल्टिमीटर लावावा. एन्डर ३ च्या हॉटएंडकडे तिथे २४ व्होल्ट दिसले, तर वायर ठीक आणि पंखा गेलेला. काहीच दिसलं नाही, तर दोष वायरीत किंवा बोर्डात.

जोडणी करताना वीज बंद करून नोझल थंड होऊ द्यावं. लाल वायर धन, काळी ऋण. उलट जोडल्यास पंखा फिरत नाही. दोन्ही पंख्यांच्या काळ्या वायरी मात्र एकत्र बांधू नयेत, कारण थरांच्या पंख्याची चालू-बंद बोर्ड सहसा ऋण बाजूनेच करतो.

शेवटी हवेची दिशा पाहावी. चिठ्ठीच्या बाजूने सहसा वारा बाहेर पडतो, म्हणून एन्डर ३ वर ती बाजू हीटसिंककडे ठेवावी.