उणे एकच्या बिंदूजवळून जाणारी रेषा

अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडासा भाग उलटा करून इनपुटला परत दिला, की त्याच्या चुका आपोआप दुरुस्त होतात. हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही निगेटिव्ह फीडबॅकची युक्ती सुचली ती 1927 च्या ऑगस्टमध्ये, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत. पण फीडबॅक वाढवत नेला, की काही अ‍ॅम्प्लिफायर इनपुट नसतानाही स्वतःच सूर काढू लागत. ते नेमके कधी घडते याचे खात्रीलायक उत्तर हॅरी नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये दिले. तेही एका आलेखाच्या रूपात!

समजा, एकामागोमाग तीन टप्पे असलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे. प्रत्येक टप्प्यात एक रोध आणि एक कपॅसिटर असतो, आणि त्यामुळे ठरावीक फ्रीक्वेन्सीनंतर सिग्नल क्षीण होतो आणि मागेही पडतो. यालाच एक पोल म्हणतात. आपल्या उदाहरणात तिन्ही पोल 10 किलोहर्ट्झवर आहेत. एक पोल सिग्नलला जास्तीत जास्त 90 अंश मागे टाकू शकतो, म्हणजे तिघे मिळून 270. धोका इथेच आहे. सिग्नल 180 अंश मागे पडला, की आपण मुद्दाम केलेला उलटेपणा पुसला जातो आणि चूक दुरुस्त करणारा फीडबॅक तीच चूक वाढवू लागतो.

आता कोनमापक आणि ग्राफ पेपर घ्या. अ‍ॅम्प्लिफायर आणि फीडबॅकची वाट मिळून सिग्नल एका फेरीत किती पट होतो, तो लूप गेन. अगदी कमी फ्रीक्वेन्सीला तो 4 आहे असे धरू. केंद्रापासून उजवीकडे 4 एककांवर पहिला बिंदू येतो. 5.8 किलोहर्ट्झला प्रत्येक टप्पा 30 अंश मागे पडतो, म्हणजे एकूण 90, आणि लांबी उरते 2.6, हा बिंदू सरळ खाली. 10 किलोहर्ट्झला 135 अंश आणि 1.4. 17.3 किलोहर्ट्झला प्रत्येकी 60 अंश होऊन 180 पूर्ण होतात. तिथे प्रत्येक टप्पा सिग्नल निम्मा करतो, म्हणून तिघांतून जाताना तो आठवा भाग उरतो: 4 चा अर्धा. रेषा डावा अक्ष उणे 0.5 वर छेदते आणि वळसा घेत वरच्या बाजूने केंद्रात शिरते.

डाव्या अक्षावरच्या उणे 1 या बिंदूभोवती रेषेचा वेढा पडतो की नाही, एवढेच पाहायचे. इथे पडत नाही, म्हणून हा अ‍ॅम्प्लिफायर स्थिर आहे. लूप गेन वाढवला की आकृती तशीच राहते, फक्त फुगते. 8 ला रेषा थेट उणे 1 मधून जाते: 17.3 किलोहर्ट्झचा सिग्नल एक फेरी मारून जसाच्या तसा, त्याच जागी परत येतो, आणि बाहेरून काही न देता फिरत राहतो. गेन 10 केला तर छेद उणे 1.25 वर जातो आणि वेढा पडतो. मग सर्किटमधला नेहमीचा सूक्ष्म नॉइजही दर फेरीला वाढतो, ट्रान्झिस्टर आणखी वर जाऊ देत नाहीत तोवर. ती उंची किती हे हा आलेख सांगत नाही. तो फक्त सुरुवात सांगतो.

8 च्या अलीकडे सगळे ठीक असते असेही नाही. गेन 6 असताना इनपुटला स्क्वेअर वेव्ह द्या. ऑसिलोस्कोपवर प्रत्येक काठानंतर लहरी उठून हळूहळू विरताना दिसतील. ती सीमा जवळ आल्याची खूण. अशा वेळी आउटपुटला लांब केबल जोडली, तरी तिच्या कपॅसिटन्सने आणखी काही अंश मागे पडून सर्किट सूर धरू शकते.

मला सर्वांत आवडणारा भाग यापुढचा आहे. मोठा कपॅसिटर लावून एकच पोल 10 किलोहर्ट्झवरून 100 हर्ट्झवर खाली आणा, बाकीचे दोन जागीच राहू द्या. सीमा 8 वरून सुमारे 204 वर जाते! कारण सिग्नल 180 अंश मागे पडेपर्यंत, साधारण 10 किलोहर्ट्झला, या एका पोलनेच त्याला शंभराव्या हिश्शावर आणलेले असते. म्हणजे लूप गेन 50 ठेवला तरी भरपूर अंतर राहते.

पण त्याची किंमत मोजावी लागते. 1 किलोहर्ट्झला त्या 50 पैकी जेमतेम 5 उरतात. जुन्या सर्किटमध्ये तिथे जवळजवळ 4 होतेच. 4 किलोहर्ट्झला तर नव्यात 1 च्या आसपास आणि जुन्यात 3.2. चुका दुरुस्त करण्याची वाढलेली ताकद मिळते ती खालच्या सुरांना. वरच्या सुरांसाठी हा अ‍ॅम्प्लिफायर पूर्वीपेक्षा दुबळाच ठरतो.