पाच मिनिटांत न दिसणारी घसरण

10 जुलै 2006 च्या रात्री अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, विमानतळाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या छताचे सुमारे 26 टन काँक्रीट खाली जाणाऱ्या मोटारीवर कोसळले. मोटारीतली एक महिला जागीच गेली. बोगदा जुना नव्हता, वाहतूक सुरू होऊन जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. भूकंप नाही, स्फोट नाही, धडकही नाही. छताच्या लाद्या ज्या पोलादी सळ्यांना टांगल्या होत्या, त्या सळ्या वरच्या काँक्रीटमध्ये भोके पाडून इपॉक्सी नावाच्या चिकट बहुवारिकाने बसवल्या होत्या. त्या भोकांतून हळूहळू खाली सरकत होत्या आणि शेवटी निसटल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2007 मध्ये अहवाल दिला. त्यात मुख्य दोष ठरला तो सतत भार सोसू न शकणाऱ्या इपॉक्सीची निवड करण्याचा.

सळ्या बसवल्यावर त्या ओढून पाहिल्या होत्या आणि चाचणीत त्या पास झाल्या होत्या, ही यातली खरी गोम. चाचणी खोटी नव्हती, फक्त काही मिनिटांची होती. इपॉक्सीला मात्र दिवसरात्र, वर्षानुवर्षे ओझे पेलायचे होते. बहुवारिकाच्या बाबतीत ‘किती भार?’ एवढे विचारून भागत नाही, ‘किती वेळ?’ हेही विचारावे लागते.

याचे कारण समजून घ्यायला अभियंते दोन साधे भाग वापरतात. एक स्प्रिंग. तिच्यावर जितका भार, तितकी ती लांबते, तीही तत्क्षणी, आणि भार काढला की पूर्ववत होते. दुसरा भाग डॅशपॉट, म्हणजे घट्ट तेलाने भरलेल्या नळीत सरकणारा दट्ट्या. दार आपसूक, न आपटता बंद करणाऱ्या यंत्रात तो असतो. त्याला ओढले की तो किती सरकेल हे भारावर ठरत नाही, किती वेगाने सरकेल हे ठरते. भार काढला की तो जिथे असेल तिथेच थांबतो, मागे येत नाही. स्प्रिंगला काळाचे सोयरसुतक नाही, डॅशपॉटला काळाखेरीज काही कळत नाही. बहुवारिकाच्या आत अर्थातच यातले काही नसते. तिथे लांबलचक रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या असतात. त्या जरा ताणल्या की स्प्रिंगसारख्या वागतात, आणि एकमेकींवरून घसरू लागल्या की तेलासारख्या.

स्प्रिंग आणि डॅशपॉट एकापुढे एक जोडले की मॅक्सवेल प्रतिमान तयार होते. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांमुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ही कल्पना 1867 मध्ये मांडली. आता ही जोडी झटक्यात ताणा आणि दोन्ही टोके पक्की बांधून ठेवा. सुरुवातीला सगळी लांबी स्प्रिंगने घेतलेली असते, कारण डॅशपॉटला सरकायला सवडच मिळालेली नाही. मग स्प्रिंग त्याला ओढू लागते. तो जितका सरकतो तितकी स्प्रिंग सैल पडते, आणि स्प्रिंग सैल पडली की ओढही कमी होते, म्हणून सरकणे मंदावते. बाहेरून पाहणाऱ्याला लांबी तेवढीच दिसते, आतला ताण मात्र उतरत असतो. याला ताण-शिथिलन म्हणतात. डॅशपॉटच्या तेलाचा चिकटपणा भागिले स्प्रिंगचा ताठपणा केले की त्या पदार्थाचा शिथिलन काळ मिळतो. तेवढ्या वेळात ताण मूळच्या 37 टक्क्यांवर येतो, दुप्पट वेळात साडेतेरा टक्क्यांवर, तिप्पट वेळात पाचांवर.

प्रेशर कुकरची रिंग जुनी झाली की झाकणातून वाफ गळते. त्यात रबर कडक होण्याचा भाग असतोच, पण दाबून ठेवलेल्या रबराचा उलट रेटा कमी होत जाणे हेही एक कारण. रबराचा ताण मात्र मॅक्सवेल म्हणतो तसा शून्यापर्यंत जात नाही, कारण त्याच्या साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून तिथे या जोडीच्या शेजारी आणखी एक स्प्रिंग लावावी लागते. ती कधीच सैल पडत नाही.

बॉस्टनमध्ये परिस्थिती उलट होती. लांबी नव्हे, भार कायम होता, आणि लांबी वाढत होती. या वाढीला क्रीप म्हणतात. त्यासाठी दोन्ही भाग शेजारीशेजारी जोडून पाहू, म्हणजे दोघांना बरोबरच लांबावे लागेल. स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये हीच रचना असते आणि तिला केल्विन-फॉइक्ट प्रतिमान म्हणतात. भार टाकला की डॅशपॉट स्प्रिंगला अडवतो, लांबी सावकाश वाढते, आणि सगळा भार स्प्रिंगने उचलला की थांबते. भार काढला की तितक्याच सावकाशीने परत येते.

खरे प्लॅस्टिक समजायला दोन्ही प्रतिमाने एकापुढे एक लावावी लागतात. समजा एक मीटर लांबीची पट्टी टांगून तिला वजन लावले. मॅक्सवेलची स्प्रिंग लगेच 2 मिलिमीटर लांबली. केल्विन-फॉइक्ट भाग एकूण 2 मिलिमीटर लांबणार आहे, पण त्याचा काळ एक तासाचा आहे. आणि मॅक्सवेलचा डॅशपॉट तासाला 0.005 मिलिमीटर सरकतो आहे. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण वागणूक खरी आहे. पाच मिनिटांनी मोजले तर लांबी 2.16 मिलिमीटर भरते. त्यात डॅशपॉटचा वाटा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. एका दिवसाने 4.12 मिलिमीटर. बघणारा म्हणेल, पट्टी आता स्थिरावली. वर्षाने पाहिले तर? लगेचचे दोन, उशिराचे दोन आणि त्यावर घसरणीचे जवळजवळ 44, एकूण 48 मिलिमीटरच्या घरात. आता वजन काढले, तर 2 मिलिमीटर ताबडतोब परत येतील, 2 काही तासांत, आणि ते 44 कायमचे गेले. पाच मिनिटांच्या चाचणीत जो भाग काट्यालाही जाणवला नाही, तोच वर्षाअखेर सर्वांत मोठा झाला.

त्या बोगद्यात ‘जलद घट्ट होणारे’ इपॉक्सी वापरले गेले होते. त्याच उत्पादकाचा सावकाश घट्ट होणारा प्रकार क्रीपला बऱ्यापैकी दाद देत नव्हता. घसरण दिसलीही होती. 1999 मध्ये काही सळ्या भोकांतून बाहेर आलेल्या आढळल्या. त्या पुन्हा बसवून ओढून पाहिल्या, पुन्हा पास झाल्या, आणि पुढे नियमित पाहणी झाली नाही. मला यातले हेच सर्वांत खटकते: पदार्थाने खूण दिली होती, पण तिची शहानिशा पुन्हा त्याच छोट्या चाचणीने केली गेली.

प्रतिमानाला मर्यादा आहेत. भार दुप्पट केला की लांबी दुप्पट, हे गृहीत कमी भारापुरतेच चालते. पट्टी कधी तुटेल हे ते सांगत नाही. आणि एकच शिथिलन काळ कुठल्याही खऱ्या बहुवारिकाला पुरत नाही. सेकंदापासून वर्षांपर्यंत काळ असलेल्या कित्येक जोड्या शेजारीशेजारी लावाव्या लागतात. तापमान वाढले की हे सगळे काळ एकदम आखूड होतात. प्रयोगशाळेत त्याचाच फायदा घेतात: नमुना गरम करून थोड्या दिवसांत जे मोजले, त्यावरून गारव्यातल्या कित्येक वर्षांचा अंदाज बांधतात. काँक्रीटमध्ये चिकटवायच्या सळ्यांसाठी आज अमेरिकेत किमान 1000 तास, म्हणजे सुमारे 42 दिवस, भार टांगून ठेवून घसरण मोजतात, आणि तिचा वक्र पुढे वाढवून ती इमारतीच्या आयुष्यभरात मर्यादेत राहील का, हे पाहतात.