आजी म्हणतात ते दप्तरात नाही

१४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात कापूस आणि शेकडो टन दारूगोळा एकत्र भरला होता. आधी कापूस पेटला, मग दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले. मौखिक इतिहासाच्या नादापायी त्यावर ही काल्पनिक मुलाखत लिहिली. आजी शंभरीच्या, मांडवीतल्या.

पत्रकार : आजी, सरकारी आकडा आठशेच्या आसपास आहे.
आजी : आमच्या चाळीतले हमाल धरले का त्यात? रोजंदारीवरचे, कुठल्या वहीत नाव नाही.
पत्रकार : स्फोट कसला वाटला?
आजी : जपानी विमानं आली. मी पाहिली.
पत्रकार : पाहिली, की ऐकलीत?
आजी : (थांबून) आवाज ऐकला. मग पेटते कापसाचे गोळे गच्चीवर पडले. वाळत घातलेलं लुगडं जळालं.

विमानं आलीच नव्हती, ती अफवा होती. पण सेन्सॉरशिपमुळे सविस्तर बातमी मे महिन्यापर्यंत अडली, तर सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी दिली होती. बातमी नसली की अफवाच आठवण होऊन बसते. म्हणून मी विमानं खोडली नाहीत, शेजारी टीप दिली. हमालांचं मात्र खोडायला माझ्याकडे काही नाही. मृतांचे इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात.

पत्रकार : हमालांची नावं आठवतात?
आजी : लिहून घे. सावकाश सांगते.